रिपोर्ट वारंवार ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ येतो : स्पायरोमेट्रीतला नेहमीचा घोळ कसा पकडायचा

चेस्ट ओपीडीत नव्याने बसणाऱ्या विद्यार्थ्यांना एक घोळ सारखा भेटतो. यंत्र प्रिंटआउटवर ‘रिस्ट्रिक्शन’ छापून मोकळे होते, आणि समोरच्या रुग्णाची हकीकत मात्र सरळसरळ ऑब्स्ट्रक्शनची असते. विद्यार्थी यंत्राची ओळ केसपेपरवर उतरवतो, रुग्णाला इनहेलर मिळत नाही, उलट छातीच्या सीटी स्कॅनसाठी जळगाव, धुळे किंवा नाशिकला जायची चिठ्ठी मिळते. यातला बराचसा घोळ कागद नीट वाचला तरी सुटतो. म्हणून खालचा क्रम फुकट आणि सोप्या तपासणीपासून सुरू होतो आणि शेवटी महागड्या, बाहेरगावच्या तपासणीपर्यंत जातो.

घोळ आहे हे कशावरून ओळखायचे

पुढच्यापैकी एखादी गोष्ट दिसली तरी रिपोर्टवर सही करण्याआधी थांबा.

- एफव्हीसी कमी, गुणोत्तर नॉर्मल, पण रुग्णाला वर्षानुवर्षे खोकला, बेडका आणि छातीत घरघर आहे.
- त्याच रुग्णाचा मागच्या भेटीचा रिपोर्ट ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ होता आणि आज ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ किंवा ‘मिक्स्ड’ आला आहे.
- एक्स-रेमध्ये फुफ्फुसे फुगलेली आणि श्वासपटल खाली दबून सपाट झालेले, तरी कागदावर फुफ्फुसे ‘लहान’ आहेत.
- एकाच टेक्निशियनच्या पाळीत किंवा एकाच यंत्रावर दिवसभर रिस्ट्रिक्शनच निघत आहे.

आधी एवढे पक्के करा

प्रिंटआउटवर `FVC`, `FEV1` आणि `FEV1/FVC` अशा तीन ओळी असतात. एफव्हीसी म्हणजे पूर्ण छाती भरून जोराने आणि शेवटपर्यंत फुंकलेली एकूण हवा. एफईव्ही१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा. तिसरी ओळ या दोहोंचे गुणोत्तर.

ऑब्स्ट्रक्टिव्ह आजारात श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. हवा आत असते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो आणि गुणोत्तर खाली येते. रिस्ट्रिक्टिव्ह आजारात फुफ्फुसात हवा मावतेच कमी. फुफ्फुस कडक झालेले असते, छातीचा पिंजरा आखडलेला असतो किंवा स्नायूंत जोर नसतो. नलिका मोकळ्या असल्याने जी थोडी हवा आहे ती भराभर निघून जाते, म्हणून एफईव्ही१ आणि एफव्हीसी दोन्ही घटतात आणि गुणोत्तर नॉर्मल किंवा त्याहून जास्त राहते.

इथवर सगळ्यांना पाठ असते. गोंधळ पुढे होतो, कारण रिस्ट्रिक्शनची खरी व्याख्या एफव्हीसीवर ठरतच नाही. ती टीएलसीवर ठरते, म्हणजे पूर्ण श्वास घेतल्यावर फुफ्फुसात असलेल्या एकूण हवेवर. फुंकून झाल्यावरही फुफ्फुसात जी हवा उरते ती आरव्ही, आणि ती स्पायरोमीटरला कधीच दिसत नाही. यंत्राला फक्त बाहेर आलेली हवा कळते. एफव्हीसी कमी येण्याची कारणे तीन : फुफ्फुस खरोखर लहान आहे, हवा आत अडकून राहिली आहे, किंवा रुग्णाची फुंकच अपुरी आहे. कागदावर तिन्ही सारखीच दिसतात. खालच्या तपासण्या ही तीन कारणे वेगळी करण्यासाठी आहेत.

तपासणी १ : आकडे झाका, आलेख बघा

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. प्रिंटआउटवर दोन आलेख असतात. एकात वेळ आणि आकारमान, दुसऱ्यात प्रवाह आणि आकारमान. दुसऱ्याला सगळे ‘लूप’ म्हणतात.

वेळेच्या आलेखात रेघ शेवटी आडवी झाली आहे का ते बघा. २०१९च्या अमेरिकन आणि युरोपीय संस्थांच्या संयुक्त निकषांनुसार शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा आली तर रेघ आडवी झाली असे मानतात. नाहीतर रुग्णाने १५ सेकंद फुंकलेले असावे. दोन्ही जमले नाही, तर त्या फुंकेची एफव्हीसी त्याच बैठकीतल्या आधीच्या सर्वांत मोठ्या एफव्हीसीच्या १५० मिलिलिटरच्या आत किंवा तिच्याहून मोठी असायला हवी. रेघ अजून वर चढत असतानाच तुटली असेल, तर छापलेली एफव्हीसी ही त्या माणसाची एफव्हीसी नाही. तो फक्त थांबण्याच्या क्षणापर्यंतचा हिशेब आहे.

याचा परिणाम गुणोत्तरावर कसा होतो हे नीट समजून घ्या, कारण घोळाचे मूळ इथेच आहे. रुग्ण तिसऱ्या सेकंदाला थांबला तरी पहिला सेकंद पूर्ण झालेला असतो, त्यामुळे एफईव्ही१ बरोबर येते. घटते ती फक्त एफव्हीसी, म्हणजे भागाकारातली खालची संख्या. खालची संख्या घटली की गुणोत्तर फुगते. सीओपीडीच्या रुग्णाला शेवटची हवा बाहेर काढायला आठ-दहा सेकंद लागतात, तोच दमून आधी थांबतो, आणि ज्याचे गुणोत्तर कमी दिसायला हवे त्याचेच नॉर्मल दिसते. म्हणजे ही चूक नेमकी ऑब्स्ट्रक्शनच्या रुग्णातच सर्वांत जास्त घडते.

`FET` हा आकडाही बघा, तो फुंकण्याचा वेळ आहे. पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. फुफ्फुस कडक झालेला रुग्ण किंवा तरुण मुलगा तीन-चार सेकंदांत रिकामा होतो आणि रेघ आडवी होते. त्याचा वेळ कमी असला तरी फुंक बरोबर असते. ‘सहा सेकंद झाले नाहीत म्हणून बाद’ असे डोळे झाकून म्हणू नये.

मग लूप. ऑब्स्ट्रक्शनमध्ये टोकानंतर उतरणारी कड विळ्याच्या पात्यासारखी आत वळते. रिस्ट्रिक्शनमध्ये लूप उंच, अरुंद आणि उतरती कड सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली. कागदावर ‘रिस्ट्रिक्शन’ आणि लूपची कड आत वळलेली, अशी जोडी दिसली तर लूपवर विश्वास ठेवा आणि पुढे चला. लूपचे शेपूट आडव्या रेघेला हळूहळू न टेकता एकदम खाली कोसळत असेल, तर तीही फुंक मध्येच सोडल्याची खूण.

तपासणी २ : उंची, वय आणि समीकरण

यंत्र अपेक्षित आकडा उंची, वय आणि लिंग यांवरून काढते. त्यात उंचीचा वाटा मोठा. उंची सांगोवांगी लिहिलेली असते किंवा चप्पल घालून मोजलेली असते, आणि चार-पाच सेंटिमीटर जास्त टाकली की अपेक्षित एफव्हीसी वाढते आणि खरी एफव्हीसी त्या तुलनेत ‘कमी’ ठरते. पाठीला बाक असलेल्या म्हाताऱ्या रुग्णात उंची मोजूच नका. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर घ्या आणि ते उंचीच्या जागी वापरा. मात्र बाक मोठा असेल तर त्यानेच खरे रिस्ट्रिक्शन होते, हे लक्षात असू द्या.

समीकरण कोणते निवडले आहे ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. गोऱ्या युरोपीय लोकांवर बेतलेले समीकरण आपल्या लोकांना लावले की एफव्हीसी आणि एफईव्ही१ दोन्ही साधारण दहा टक्क्यांनी कमी भासतात. गुणोत्तर फारसे हलत नाही. म्हणजे धडधाकट माणसाचा कागद थेट ‘सौम्य रिस्ट्रिक्शन’सारखा दिसतो. दिवसभर सगळ्यांचेच रिस्ट्रिक्शन निघत असेल तर पहिला संशय इथेच घ्या. भारतीय समीकरण उपलब्ध असेल तर ते, नाहीतर जीएलआयचे. जे निवडाल ते रुग्णाच्या प्रत्येक भेटीला तेच ठेवा आणि रिपोर्टवर लिहा.

‘८० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी’ ही मोजपट्टी सोपी आहे, पण ढोबळ आहे. प्रिंटआउटवर `LLN` असेल तर ते वापरा. निरोगी लोकांतले खालचे पाच टक्के जिथे सुरू होतात ती रेषा म्हणजे एलएलएन. गुणोत्तरासाठी ०.७० ही ठरावीक रेषा गोल्डच्या सीओपीडी मार्गदर्शनात वापरतात, तीही ब्रॉन्कोडायलेटर दिल्यानंतर. वयाबरोबर गुणोत्तर आपोआप घसरते, म्हणून ७५ वर्षांच्या निरोगी माणसाचे ०.६८ हे आजार नसू शकते आणि २५ वर्षांच्या मुलाचे ०.७४ हे आजार असू शकते.

तपासणी ३ : पुन्हा फुंकून घ्या

आलेखाने फुंक अपुरी दाखवली असेल तर औषध, सीटी, काही लिहू नका. रुग्णाला पाच मिनिटे बसवा आणि पुन्हा करा. दोन चुका वेगवेगळ्या ओळखा. छाती पूर्ण न भरताच फुंकले, तर एफव्हीसी आणि एफईव्ही१ दोन्ही घटतात, गुणोत्तर तसेच राहते आणि नक्कल थेट रिस्ट्रिक्शनची होते. छाती पूर्ण भरून मध्येच सोडले, तर वर सांगितल्याप्रमाणे एकटी एफव्हीसी घटते. पहिली चूक आलेखावर दिसत नाही, ती रुग्णाकडे बघूनच कळते : खांदे वर गेले का, छाती पूर्ण फुगली का. म्हणून फुंकताना पडद्याकडे कमी आणि रुग्णाकडे जास्त बघायचे.

चांगल्या तीन फुंका हव्यात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको, एफईव्ही१चेही तसेच. मोठ्या माणसाला साधारण आठ प्रयत्नांपलीकडे नेऊ नका, दमलेला रुग्ण पुढे खालीच जातो. एक उपयोगी खूण : अपुऱ्या प्रयत्नाच्या फुंका एकमेकींशी जुळत नाहीत, खऱ्या रिस्ट्रिक्शनच्या बहुधा हुबेहूब जुळतात.

यावल-रावेरकडच्या गावातली म्हातारी आजी असो की शिरपूरचे शेतकरी बाबा, ‘माले दम लागस’ म्हणणाऱ्या माणसाला पुस्तकी मराठीतल्या सूचना अर्ध्याच कळतात. सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला शेजारी उभे करा आणि सूचना त्यांच्या तोंडून अहिराणीत जाऊ द्या. आधी स्वतः एकदा फुंकून दाखवा. शेवटच्या सेकंदांत आवाज उतरू देऊ नका, रेघ आडवी होईपर्यंत ‘अजून, अजून’ चालू ठेवा. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या, ओठांची पकड चांगली बसते.

तपासणी ४ : यंत्र

तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज रोज सकाळी मंद, मध्यम आणि वेगवान अशी ढकला. आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत यायला हवा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. तिन्ही वेळा सारखाच कमी येत असेल तर फिल्टरमध्ये बेडका अडकला आहे का, नळी कुठे गळते का, सेन्सर ओला आहे का ते बघा.

खानदेशात उन्हाळ्यात एक जास्तीची गोष्ट सांभाळावी लागते. श्वासाची हवा ३७ अंशांची आणि ओली असते. यंत्रात ती थंड होऊन आकसते, म्हणून यंत्र खोलीच्या तापमानावरून आकडा वाढवून देते. आकारमान मोजणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्रात २५ अंशांना हा गुणक सुमारे १.०७५ असतो आणि ३० अंशांना १.०४५. तापमान हाताने भरायचे यंत्र असेल आणि जानेवारीत भरलेले २५ अंश मे महिन्यातही तसेच राहिले, तर भुसावळच्या उकाड्यात सगळ्यांचे आकडे काही टक्क्यांनी फुगतात आणि खरे रिस्ट्रिक्शन निसटू शकते. खोलीत थर्मामीटर टांगा. सिरिंज आणि यंत्र एकाच खोलीत ठेवा, सिरिंज एसीत आणि यंत्र व्हरांड्यात असे नको.

सिरिंजचा आकडा सफाईनंतरही जमत नसेल तर त्या यंत्रावर रुग्ण घेणे बंद करा आणि कंपनीचा इंजिनिअर बोलवा. सेटिंगमधला गुणक स्वतः बदलून आकडा ‘जमवणे’ हा गुन्हा समजा, कारण त्यानंतरचा प्रत्येक रिपोर्ट खोटा निघतो.

एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत

आकडे शिकवण्यासाठी बेतलेले आहेत. ५८ वर्षांची बाई, उंची १४८ सेंटिमीटर. विडी-तंबाखूचे धूम्रपान कधीच नाही. लग्नापासून चुलीवर स्वयंपाक, सरपण पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचे. पाच वर्षांपासून चढावर दम, हिवाळ्यात बेडका. पहिला कागद असा :

```
          Pred   LLN   Pre   %Pred
FVC       2.10   1.58  1.42   68
FEV1      1.66   1.22  1.05   63
FEV1/FVC  0.79   0.68  0.74
FET                    2.8
```

खाली यंत्राची ओळ : ‘रिस्ट्रिक्शन’. नुसते आकडे वाचले तर ओळ बरोबर वाटते. एफव्हीसी एलएलएनच्या खाली, गुणोत्तर एलएलएनच्या वर. पण वेळेचा आलेख २.८ सेकंदांना चढत असतानाच तुटला आहे, आणि लूपची कड आत वळलेली आहे. म्हणून पुन्हा फुंकून घेतले. या वेळी सून शेजारी उभी होती. बाईंनी नऊ सेकंद फुंकले आणि रेघ आडवी झाली. एफव्हीसी १.७० लिटर म्हणजे ८१ टक्के, एफईव्ही१ १.०६, गुणोत्तर ०.६२.

काय बदलले ते बघा. एफईव्ही१ जिथल्या तिथे, फक्त १० मिलिलिटरचा फरक. एफव्हीसी २८० मिलिलिटरने वाढली आणि एलएलएनच्या वर गेली. रिस्ट्रिक्शनचा प्रश्नच मिटला, आणि जे गुणोत्तर नॉर्मल भासत होते ते ०.६८ च्या एलएलएनखाली आले. हे ऑब्स्ट्रक्शन आहे. चूल हे कारण समोरच आहे. धूम्रपान नाही म्हणून सीओपीडी नाही, असे आपल्या भागात समजून चालणार नाही.

तपासणी ५ : ब्रॉन्कोडायलेटर देऊन पुन्हा

स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, एकेक करून. १० ते १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. आधी घेतलेले इनहेलर विचारा : साल्ब्युटामॉल चार ते सहा तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल २४ तास, टायोट्रोपियम दोन दिवस बंद असायला हवे होते. बंद नसेल तर तसे रिपोर्टवर लिहा, कारण मग फरक कमी दिसतो.

वरच्या बाईंचे औषधानंतरचे आकडे : एफईव्ही१ १.१४, एफव्हीसी १.७८, गुणोत्तर ०.६४. एफईव्ही१ ८० मिलिलिटरने वाढली. जुन्या निकषात मूळ आकड्याच्या १२ टक्के आणि शिवाय २०० मिलिलिटर अशी दुहेरी अट होती. २०२२च्या निकषात अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ हवी, इथे १.६६ चे १० टक्के म्हणजे १६६ मिलिलिटर. दोन्ही मोजपट्ट्यांनी वाढ अपुरी. औषधानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली, एफईव्ही१ अपेक्षेच्या ६९ टक्के. हकीकतीशी जुळवून हे मध्यम सीओपीडीत बसते.

आपल्या मूळ प्रश्नासाठी या तपासणीत एफव्हीसीकडेही बघायचे असते, आणि ते बहुतेक जण विसरतात. कधी कधी पहिली फुंक बरोबर असते, रेघ आडवी होते, तरी एफव्हीसी कमी आणि गुणोत्तर नॉर्मल येते. पण औषधानंतर एफव्हीसी ठळक वाढते. कडक झालेले फुफ्फुस साल्ब्युटामॉलने मोठे होत नाही. वाढली ती आत अडकलेली हवा. बारीक नलिका फुंकताना लवकर मिटतात, त्यांच्या मागची हवा तिथेच राहते, आरव्ही वाढते आणि तिच्या वाढीइतकी एफव्हीसी घटते. एफईव्ही१ही सोबत घटल्याने गुणोत्तर टिकून राहते. दम्यात हे बरेचदा दिसते.

हाच संशय फुकटात तपासायचा आणखी एक मार्ग : रुग्णाला जोर न लावता, संथपणे पूर्ण श्वास सोडायला सांगा आणि ती संथ व्हीसी मोजा. ती एफव्हीसीपेक्षा बरीच मोठी आली तर जोर लावल्याने नलिका मिटत होत्या. मग एफईव्ही१ला संथ व्हीसीने भागा, दडलेले ऑब्स्ट्रक्शन बाहेर येते.

तपासणी ६ : रुग्ण आणि एक्स-रे

इथवर येऊनही एफव्हीसी कमी, गुणोत्तर नॉर्मल, फुंका जुळणाऱ्या, रेघ आडवी आणि औषधाने फरक नाही, असे राहिले तर रिस्ट्रिक्शनचा संशय खरा धरायला जागा आहे. आता हात आणि स्टेथोस्कोप वापरा. तळाशी श्वास घेताना वेल्क्रो उघडल्यासारखी बारीक चरचर आणि बोटांची टोके फुगलेली असतील तर फुफ्फुसाच्या ऊतीचा आजार. पाठीचा कणा वाकडा असेल तर पिंजऱ्याचा. एका बाजूचा श्वास कमी असेल तर पाणी किंवा जुना जाड झालेला प्लुरा.

रुग्ण आडवा झाला की दम लागतो असे सांगत असेल, तर त्याला उताणे झोपवून व्हीसी पुन्हा मोजा. निरोगी माणसात झोपल्यावर ती दहा टक्क्यांच्या आसपास घटते. ती घट २५-३० टक्क्यांच्या पुढे गेली तर श्वासपटलाची कमजोरी समजा. या तपासणीला यंत्राखेरीज काही लागत नाही.

लठ्ठपणाने एफव्हीसी थोडी घटते, पण फार मोठा लठ्ठपणा नसेल तर ती नॉर्मलच्या आत राहते. ‘वजन जास्त आहे म्हणून’ असे लिहून ६० टक्के एफव्हीसी सोडून देऊ नका.

आपल्या भागातल्या हकीकतींची सांगड अशी घाला. चूल आणि विडी बहुतेक ऑब्स्ट्रक्शन देतात. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का ते विचारा, कापसाच्या धुळीचा आजार नलिकांचा असतो. नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत वारंवार छातीचे झटके येऊन गेले असतील तर खरे रिस्ट्रिक्शन असू शकते. टीबी होऊन गेलेला रुग्ण सर्वांत अवघड, कारण जुना टीबी दोन्ही करतो : नलिका आवळतो आणि फुफ्फुस आखडवतो. त्याच्या कागदावर हकीकतीवरून शिक्का मारू नका.

तपासणी ७ : टीएलसी आणि डीएलसीओ

ही मोठ्या केंद्रातली, पैसे आणि प्रवास लागणारी तपासणी. काचेच्या बंद पेटीत बसवून टीएलसी आणि आरव्ही मोजतात. त्याच बैठकीत डीएलसीओही करतात, म्हणजे वायू रक्तात किती उतरतो ते. टीएलसी एलएलएनखाली असेल तरच ‘रिस्ट्रिक्शन’ हा शब्द पक्का होतो. स्पायरोमेट्रीवर तो शब्द लिहायचा असेल तर ‘रिस्ट्रिक्शनचा संशय’ एवढेच लिहा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात स्पायरोमेट्रीवर रिस्ट्रिक्टिव्ह पॅटर्न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांत, ५८ टक्क्यांत, टीएलसी खरोखर कमी निघाली. उलट बाजू मात्र भक्कम आहे : एफव्हीसी नॉर्मल असेल तर रिस्ट्रिक्शन असण्याची शक्यता तीन टक्क्यांहून कमी. म्हणजे स्पायरोमेट्री रिस्ट्रिक्शन नाकारायला उत्तम आणि ठरवायला कच्ची.

खरे रिस्ट्रिक्शन कसे दिसते याचा नमुना : एफव्हीसी १.९५, अपेक्षित ३.२५, म्हणजे ६० टक्के. एफईव्ही१ १.७०, अपेक्षित २.६०, म्हणजे ६५ टक्के. गुणोत्तर ०.८७. चौथ्या सेकंदाला रेघ आडवी, तीन फुंका जुळणाऱ्या, लूप उंच आणि अरुंद. टीएलसी ६२ टक्के. डीएलसीओ खूप कमी असेल तर दोष फुफ्फुसाच्या ऊतीत, जवळपास नॉर्मल असेल तर पिंजऱ्यात किंवा स्नायूंत.

‘मिक्स्ड’ हा शब्दही इथेच ठरतो. गुणोत्तर कमी आणि एफव्हीसीही कमी असली की यंत्र ‘मिक्स्ड’ छापते. त्यातले अनेक रुग्ण नुसते तीव्र ऑब्स्ट्रक्शनचे असतात. टीएलसी मोजली की ती ११० टक्के आणि आरव्ही १८० टक्के अशी निघते. फुफ्फुस लहान नाही, भरलेले आणि अडकलेले आहे. टीएलसी नसताना अशा कागदावर ‘ऑब्स्ट्रक्शन, सोबत एफव्हीसी कमी, हवा अडकल्याचा संशय’ असे लिहा.

कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

फुंकायला लावण्याआधीच थांबायच्या जागा : टीबीचा संशय किंवा थुंकीतून रक्त, न्यूमोथोरॅक्स, आठवड्याभरातला हृदयविकाराचा झटका, आठवड्याभरातली डोळ्याची शस्त्रक्रिया, चार आठवड्यांतली मेंदूची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया. मोतीबिंदूचे शिबिर नुकतेच झाले असेल तर हा प्रश्न विसरू नका. फुंकताना चक्कर, छातीत दुखणे किंवा ओठ निळे पडणे दिसले तर तिथेच थांबा, रुग्णाला बसवा, ऑक्सिजन मोजा, वरिष्ठांना हाक मारा.

छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवायचे ते असे रुग्ण. सहाव्या तपासणीनंतरही एफव्हीसी कमी आणि गुणोत्तर नॉर्मल राहिलेले. वेल्क्रोसारखी चरचर असलेले, मग स्पायरोमेट्री काहीही सांगो, कारण सुरुवातीच्या फायब्रोसिसमध्ये ती नॉर्मल असू शकते. झोपून व्हीसी कोसळलेले. आणि लूपचा वरचा किंवा खालचा भाग सपाट कापलेला दिसणारे, तिथे अडथळा श्वासनळीत किंवा घशात असू शकतो आणि तो रुग्ण थांबवून ठेवायचा नसतो.

चिठ्ठीत फक्त यंत्राची ओळ उतरवू नका. सर्वांत चांगल्या फुंकेचे तिन्ही आकडे औषधाआधीचे आणि नंतरचे, फुंकण्याचा वेळ, रेघ आडवी झाली की नाही, वापरलेले समीकरण आणि उंची कशी मोजली, एवढे लिहा. आणि दोन्ही आलेखांची प्रत जोडा. थर्मल कागद असेल तर झेरॉक्स काढूनच जोडा, उन्हात चार दिवस खिशात राहिला की मूळ कागदावरचे आलेख पुसट होतात.